कांद्याचं बी, मधमाशी आणि फवारणीचा पंप

(महाविद्यालयातील राष्ट्रीय विज्ञान दिनाचं भाषण)

प्राचार्य मॅडम, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो,

२८ फेब्रुवारी १९२८ला सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा जो शोध लावला, त्यासाठी आपण आज विज्ञान दिन साजरा करतो. मी कीटकशास्त्राचा माणूस आहे, त्यामुळे बोलणार आहे ते याच तारखेला आपल्या भागातल्या शेतात काय चाललेलं असतं त्याबद्दल. जालना-बुलढाण्याच्या या पट्ट्यात कांद्याचं बी पिकवतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, नाहीतर शेजारच्या बांधावर, डेंगळे उभे असतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या कांद्यांना हिरवे पोकळ दांडे आले, दांड्यांच्या टोकांना पांढरे गोंडे धरले, आणि आता फेब्रुवारीत ते फुललेत. पुढच्या वर्षी राज्यातल्या किती शेतांत कांद्याचं चांगलं रोप उभं राहणार, हे या दोन-चार आठवड्यांत ठरतं. कांद्याचं बी साध्या साठवणीत वर्षभरानंतर झपाट्यानं उगवणशक्ती गमावतं, म्हणून ते बहुतेक दरवर्षी नव्यानं तयार करावं लागतं. आणि ते तयार करण्याचं मुख्य काम कीटक करतात.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइनस्टाइन म्हणाले होते, हा संदेश तुम्ही मोबाइलवर वाचला असेल. ते असं म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि विधानही खरं नाही. बाजरी आणि मका वाऱ्यावर परागीभवन करतात. ज्वारी, गहू आणि भात बहुतांशी स्वतःच्याच परागांवर भागवतात. भाकरी आणि भात मधमाशीवाचूनही मिळत राहतील. पण जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकं कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांच्या, मुख्यतः कीटकांच्या, परागीभवनावर अवलंबून आहेत. यात फळं, भाज्या, तेलबिया आणि भाज्यांचं बियाणं येतं. मधमाशी गेली तर ताटात भाकरी राहील, पण भाकरीसोबत काय राहील हा प्रश्न उरेल. अतिशयोक्तीची गरज नाही; खरी गोष्टच पुरेशी गंभीर आहे.

आता गोंड्याकडे या. एका गोंड्यात काही शे बारीक फुलं असतात आणि ती सगळी एकदम उमलत नाहीत. आज काही, उद्या काही, असं दोन ते चार आठवडे चालतं. एक फूल भिंगाखाली पाहिलं तर सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन कप्प्यांचा अंडाशय दिसतो. प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडं, म्हणजे एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया. सहाच्या सहा क्वचितच भरतात, पण मर्यादा सहाची.

या फुलाची एक खोड आहे. त्याचे पुंकेसर आधी पिकतात आणि पराग सांडून मोकळे होतात. त्या वेळी मधली कुक्षीवृंत, म्हणजे पराग झेलणारी दांडी, आखूड आणि कच्ची असते. ती वाढून पराग घ्यायला तयार होते तोवर त्याच फुलातले पराग संपलेले असतात. म्हणजे एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असूनही ते फूल स्वतःचं बी स्वतः धरू शकत नाही. त्याला दुसऱ्या, नंतर उमललेल्या फुलाचे पराग हवेत. ते फूल त्याच गोंड्यातलं असेल किंवा पलीकडच्या वाफ्यातल्या गोंड्यावरचं. कांद्याचे पराग काहीसे चिकट असतात, वाऱ्यावर फारसे जात नाहीत. कुणीतरी ते उचलून नेऊन ठेवावेच लागतात.

हे कुणीतरी म्हणजे कोण, हे पाहायचं असेल तर सकाळी दहा-साडेदहाला, ऊन तापायला लागल्यावर, डेंगळ्यात जाऊन उभे राहा. मोठी, काळपट-पिवळी, घाईनं फिरणारी आग्या माशी दिसेल. ती उंच झाडाला किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच मोठं पोळं लटकवते आणि पेटीत कधीच राहत नाही. त्याहून लहान सातेरी दिसेल. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि तिला पेटीत पाळता येतं. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करणारी इवलीशी फुलोरी दिसेल. कुणी पेट्या आणून ठेवल्या असतील तर युरोपातून आलेली मेलिफेरा दिसेल. आणि यांच्याबरोबर माश्या असतील. घरात येते तशी साधी माशी, आणि गांधीलमाशीसारखे पिवळे पट्टे मिरवणारी, हवेत एका जागी स्थिर राहणारी फूलमाशी. फूलमाशीची अळी मावा खाते, म्हणजे ती शेतकऱ्याचं काम दोनदा करते. या माश्यांना परागीभवनाच्या हिशेबात कुणी धरत नाही, पण कांद्यात त्यांचा वाटा खरा आहे.

कांद्याच्या फुलातला मधुरस मधमाशीला फारसा आवडत नाही, हेही सांगायला हवं. त्यात पोटॅशियम बरंच असतं. जवळपास मोहरी, धने किंवा सूर्यफूल फुललेलं असेल तर माश्या आधी तिकडे वळतात. म्हणून बीजोत्पादनात नुसत्या आसपास माश्या आहेत एवढ्यानं भागत नाही. त्या भरपूर लागतात, इतक्या की काहींना कांद्याकडे यावंच लागेल. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये तर ही गरज आणखी तीव्र असते, कारण तिथल्या मादी ओळीतल्या फुलांत उपयोगी परागच नसतात. नर ओळीतून मादी ओळीत पराग नेणारं कुणी आलं नाही, तर मादी ओळीत बी नाही.

आणि नेमकं याच वेळी शेतकरी पंप खांद्यावर घेतो.

त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय त्याला दोष देणं अन्यायाचं होईल. कांद्यावर फुलकिडे येतात. ते मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर, पातीच्या बेचक्यात आणि गोंड्याच्या आत दडून बसणारे असतात. ते पेशी खरवडून रस शोषतात, पात पांढुरकी पडते आणि डेंगळ्याचा जोम जातो. त्यात ढगाळ हवा आली की करपा येतो. वर्षभराचा पैसा त्या गोंड्यांत अडकलेला असतो. मग दुकानदार जे सांगेल ते, बहुतेकदा कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच पंपात मिसळून, ऐन फुलोऱ्यात फवारलं जातं.

आता या पंपात काय असतं त्याचा हिशेब करू. इमिडाक्लोप्रिड हे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं औषध आहे. बाटलीवर १७.८ एसएल लिहिलेलं असतं. त्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये मूळ विष सुमारे २०० ग्रॅम असतं. एका पंपाला ५ मिलिलिटर घेतलं, तर पंपात साधारण १ ग्रॅम विष गेलं. मधमाशीच्या पोटात हे विष गेल्यावर निम्म्या माश्या मराव्यात इतकी मात्रा, जिला आपण एलडी-५० म्हणतो, काही चाचण्यांत एका माशीमागे सुमारे ४ नॅनोग्रॅम आली आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १ ग्रॅमला ४ नॅनोग्रॅमनं भागा: पंचवीस कोटी मात्रा. ही कागदावरची संख्या आहे. फवाऱ्यातलं बहुतेक विष पातीवर आणि जमिनीवर पडतं, काही उन्हात विघटित होतं, आणि सगळ्याच चाचण्यांत आकडा इतका कमी येत नाही. पण या हिशेबावरून एवढं कळतं की फुलावर पडलेला अगदी क्षुल्लक अंशसुद्धा माशीसाठी क्षुल्लक नसतो.

ते विष काम कसं करतं? कीटकाच्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा अॅसिटिलकोलीन नावाचा रेणू एका पेशीतून सुटून दुसऱ्या पेशीवरच्या ग्राहीवर बसतो. निरोप पोचला की एक विकर तो रेणू लगेच तोडून टाकतं आणि ग्राही मोकळी होते. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम हे निओनिकोटिनॉइड गटातले रेणू त्याच ग्राहीवर घट्ट बसतात आणि ते विकर त्यांना तोडू शकत नाही. दाराची बेल दाबलेलीच अडकून राहावी तशी ती मज्जापेशी संदेश देतच राहते. माशी थरथरते, गोल-गोल फिरते, मग लुळी पडते. माणसाच्या ग्राहींवर हे रेणू इतके घट्ट बसत नाहीत, म्हणूनच ही औषधं जुन्या विषांपेक्षा आपल्याला कमी धोक्याची ठरली आणि इतकी पसरली. त्यांचा दुसरा गुण म्हणजे ती आंतरप्रवाही आहेत. झाड ती शोषून घेतं आणि रसाबरोबर सगळीकडे नेतं. परागात आणि मधुरसातसुद्धा.

मरणाऱ्या माश्या निदान दिसतात. त्याहून फसवा प्रकार न मरणाऱ्यांचा आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे.

माशी फुलावरून पोळ्याकडे परतते ती सूर्याची दिशा, ओळखीच्या खुणा आणि पार केलेलं अंतर लक्षात ठेवून. पोळ्यावर नाचून ती हीच माहिती बहिणींना देते. ती भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३मध्ये नोबेल मिळालं. एवढी स्मृती आणि एवढा हिशेब ज्या इवल्या मेंदूत चालतो, त्याच मेंदूत त्या ग्राही दाटीनं असतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म रेडिओ चकत्या चिकटवल्या. काही माश्यांना साखरपाण्यातून सुमारे १.३ नॅनोग्रॅम थायमेथोक्झाम पाजलं. ही मात्रा मारक नव्हती. मग त्यांना पोळ्यापासून दूर सोडलं आणि पोळ्याच्या दारात कोण परत आलं ते यंत्रानं मोजलं. औषध न पाजलेल्या माश्यांशी तुलना करता, ओळखीच्या रानातून सोडलेल्यांपैकी साधारण दहातली एक आणि अनोळखी ठिकाणाहून सोडलेल्यांपैकी जवळजवळ तिघींतली एक केवळ औषधामुळे हरवली. त्यांना विषानं मारलं नाही, त्यांना घर सापडलं नाही. बाहेर हरवलेली माशी कुणाला मेलेली दिसत नाही. पेटीजवळ प्रेतांचा ढीग नसतो, फक्त काम करणाऱ्या माश्या दिवसागणिक कमी होत जातात.

माशी अशी फुलं टाळत का नाही? कारण तिला ते कळत नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात माश्यांपुढे साधं साखरपाणी आणि इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम मिसळलेलं साखरपाणी असे दोन पर्याय ठेवले. त्यांच्या जिभेला या औषधांची चव लागत नव्हती, तरी त्या औषधाचं पाणीच जास्त पीत होत्या. अशा पुराव्यांवरून युरोपीय संघानं २०१८मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली.

तेवढ्यावर भागत नाही, कारण पंपात बुरशीनाशकही असतं. बुरशीनाशक माशीला मारत नाही, हे लेबल वाचून कुणीही सांगेल आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण करप्यासाठी वापरलं जाणारं प्रोपिकोनॅझोल, आणि त्याच्या गटातली इतर काही औषधं, माशीच्या शरीरात विष मोडणाऱ्या विकरांना अडवतात. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातल्या एकट्या कीटकनाशकाची जी मात्रा माशी कशीबशी पचवेल, तीच मात्रा या मिश्रणात कित्येक पट जहाल होते. दोन्ही औषधांच्या वेगवेगळ्या चाचण्यांत हे दिसत नाही. ते पंपात एकत्र आल्यावर घडतं.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण त्यावर लोकांचा फार विश्वास असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांना, म्हणजे उंदरावरच्या चाचण्यांवरून माणसाला, असलेला धोका सांगतात. मधमाशीबद्दल तो त्रिकोण एक अक्षरही सांगत नाही. जमिनीतल्या जिवाणूपासून काढलेलं स्पिनोसॅड माणसाला बरंच सौम्य आहे. तेच फुलावर ओलं असताना माशीला अत्यंत घातक आहे. माशीबद्दलची सूचना असलीच तर माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत असते. माझ्या मते ती बाटलीच्या दर्शनी भागावर, मराठीत, चित्रासह असायला हवी. पदवीचा विद्यार्थीही ते घडी घातलेलं पत्रक उघडत नाही, मग दिवस मावळायच्या आत फवारणी उरकायच्या घाईत असलेल्या माणसानं ते उघडावं ही अपेक्षा चुकीची आहे.

पेटीतल्या वसाहतीला निदान राखीव फौज असते. हजारो माश्यांतल्या काहीशे मेल्या तरी राणी अंडी घालत राहते. एकट्या राहणाऱ्या रानमाश्यांचं तसं नाही. आपल्या वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग एका बारीक भोकाच्या डबीत बंद असतात. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून अंग थरथरवते तेव्हा ते बाहेर पडतात. मधमाशीला ही युक्ती येत नाही. या माश्यांची मादी जमिनीतल्या बिळात किंवा वाळक्या लाकडात एकटीच घर करते आणि पिलांसाठी पराग एकटीच गोळा करते. ती मेली की ते घर तिथेच संपलं. आणि औषधांच्या सुरक्षिततेच्या बहुतेक चाचण्या मेलिफेरावर होतात, यांच्यावर नाही.

मग शेतात बिघडलंय हे ओळखायचं कसं? पेटीच्या दारात एका रात्रीत मेलेल्या माश्यांचा सडा पडला, त्यांच्या जिभा बाहेर आलेल्या असल्या, काही जिवंत माश्या थरथरत जमिनीवर सरपटत असल्या, तर विषबाधेचा संशय घ्या. माश्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेल्या असतील आणि पोळ्यात मध नसेल, तर ती उपासमार आहे. चौकटीत रेशमी जाळी आणि भुसा दिसला तर मेणकिडा. मधमाश्यांच्या ऱ्हासाला रोग, कोळी आणि फुलांची टंचाईही कारणीभूत आहेत; सगळं औषधांवर ढकलू नका, खूण पाहून बोला. गोंड्यावरची खूण वेगळी असते. फुलं गळून बोंडं दिसतात, पण ती चिमटीत दाबली की फुसकी निघतात, आत काळं बी नसतं. मग काही शेतांत माणसं हातात मऊ कापड घेऊन एकेक गोंडा कुरवाळत जाताना दिसतात. मजुरी देऊन माशीचं काम. काही जण गुळाचं पाणी फवारतात. त्यानं माश्या येतात, पण पात आणि दांडे चाटत बसतात. फुलात शिरण्याचं कारणच उरत नाही.

उपाय मुख्यतः तारखेचा आहे. फुलकिड्यांचा बंदोबस्त डिसेंबर-जानेवारीत, गोंडे उमलण्याआधी करायचा. निळे चिकट सापळे लावून संख्येवर लक्ष ठेवायचं. तुषार सिंचन असेल तर पाण्याच्या माऱ्यानंही बरेच फुलकिडे धुऊन जातात, पण तेही फुलं येण्याआधीच, कारण नंतर त्याच पाण्यानं पराग धुतले जातात. आंतरप्रवाही औषध फुलोऱ्याच्या तोंडावर आणि फुलोऱ्यात टाळायचं. फुलोऱ्यात फवारणी करणं खरोखरच भाग पडलं, तर माश्या घरी गेल्यावर, सूर्य मावळल्यानंतर, एकच औषध, बुरशीनाशक न मिसळता. पण "संध्याकाळी फवारा" हा सल्ला अर्धाच आहे हे लक्षात ठेवा. जे औषध वाळल्यावर सौम्य होतं, त्याच्यापुरता तो खरा. पायरेथ्रॉइडचा अंश पातीवर काही दिवस टिकतो आणि आंतरप्रवाही औषध सकाळच्या मधुरसात हजर असतं. शेजाऱ्याला सांगणंही तितकंच गरजेचं आहे. कांद्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे, तो कीटक तेवढ्या अंतरावरून पराग आणतात म्हणूनच. जी माशी तिकडचे पराग आणते, तीच तिकडचं विषही आणते.

शेवटी एक काम देतो, आणि ते याच आठवड्यात सुरू करावं लागेल. ज्यांच्या घरी डेंगळे आहेत त्यांनी अजून न उमललेले, सारख्या आकाराचे पंधरा गोंडे निवडावेत. पाच गोंड्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधावी, फुलांना टेकणार नाही अशी. पाच गोंड्यांवर तशीच पिशवी, पण बाजूनं मोठी खिडकी कापलेली, कारण पिशवीच्या सावलीनं काय फरक पडतो तेही कळायला हवं. पाच उघडे ठेवावेत. सगळ्यांना दोऱ्यानं खूण करावी आणि फवारणी झाली तर तारीख आणि औषधाचं नाव वहीत लिहावं. शक्य असेल तेव्हा सकाळी साडेदहाला उघड्या गोंड्यांपाशी पाच मिनिटं उभं राहून किती आणि कोणत्या माश्या बसल्या ते मोजावं. एप्रिलमध्ये बोंडं तडकायला लागली की गोंडे वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत काढा, चोळा, फुसकं उडवून द्या आणि काळं भरीव बी मोजून त्याचं वजन करा. बंद पिशवीतही थोडं बी मिळेल, कारण वरच्या फुलाचे पराग खालच्यावर सांडतात. त्यानं गोंधळू नका. पाहायचा आहे तो तिन्ही गटांतला फरक. वेगवेगळ्या गावांच्या वह्या शेजारी ठेवल्या की फवारणीच्या तारखा आणि उघड्या गोंड्यांचं बी यांचा मेळ बसतो का, तेही पाहता येईल. वजनकाटा आपल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. परीक्षा संपल्या की वह्या आणि पिशव्या घेऊन या, आपण एकत्र बसून मोजू.